‘जर्मन कायदा’ लिहिलं की सीआयएसजी आपोआप येतं: एक्स्पोर्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये ते कधी लागतं आणि बाहेर कसं काढायचं

एक्स्पोर्ट नव्याने सुरू केलेल्या बऱ्याच जणांना कुणीतरी सांगितलेलं असतं की भारत सीआयएसजीचा, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीबद्दलच्या कन्व्हेन्शनचा, मेंबर नाही, म्हणून आपला त्याच्याशी काही संबंध नाही. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. मी कोल्हापूर-सांगली भागातल्या फाउंड्री आणि मशीनिंगवाल्यांच्या परदेशी ऑर्डरची कागदपत्रं बघतो, आणि युरोपातून आलेल्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावरच्या एका ओळीमुळे हे कन्व्हेन्शन आपल्या माणसाला लागू झालंय आणि त्याला पत्ताच नाही असं सारखं दिसतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, उदाहरण जर्मन ग्राहकाचं घेतलंय कारण आपल्याकडे तेच जास्त येतं.

आधी थोडक्यात, हे आहे काय. युनायटेड नेशन्स कन्व्हेन्शन ऑन कॉन्ट्रॅक्ट्स फॉर द इंटरनॅशनल सेल ऑफ गुड्स, म्हणजेच सीआयएसजी, ११ एप्रिल १९८० ला व्हिएन्नात तयार झालं आणि १ जानेवारी १९८८ पासून अंमलात आलं. दोन देशांतल्या व्यापाऱ्यांमधल्या मालाच्या विक्रीसाठीचा हा एक तयार कायदा आहे. ९० पेक्षा जास्त देश त्यात आहेत, जर्मनी, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, अमेरिका, चीन, जपान, ब्राझील, ऑस्ट्रेलिया सगळे आत. भारत आणि ब्रिटन बाहेर. यादी वाढत असते, म्हणून तुमच्या ग्राहकाचा देश आत आहे का ते अनसिट्रल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायद्याच्या आयोगाच्या वेबसाइटवरच्या स्टेटसच्या यादीत बघा, तिथे प्रत्येक देशापुढे तारीख आणि त्याने घातलेली अट दोन्ही दिलेली असतात.

हाताशी काय काय ठेवायचं

- ग्राहकाची पर्चेस ऑर्डर, मागच्या पानासकट. पीडीएफमध्ये मागचं पान नसेल आणि नुसती वेबसाइटची लिंक असेल तर त्या लिंकवरच्या टर्म्स त्याच दिवशी डाउनलोड करून ठेवा
- तुमचं कोटेशन किंवा प्रोफॉर्मा इनव्हॉइस आणि ऑर्डर कन्फर्मेशन
- तुमच्या स्वतःच्या जनरल टर्म्स, असतील तर
- ऑर्डर पक्की होईपर्यंतच्या सगळ्या ईमेल, तारखेच्या क्रमाने
- ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट, इन्स्पेक्शन रिपोर्ट

१. हा व्यवहार सीआयएसजीच्या कक्षेत बसतो का ते बघा

हे पटकन होतं. माल हवा आणि विक्री हवी. घरगुती वापरासाठी घेतलेला माल, लिलावातला माल, शेअर, जहाज, विमान, वीज हे सगळं बाहेर. कास्टिंग, कापड, बेदाणा, मसाले, मशीन हे आत. एकच गोष्ट आपल्याकडे जरा अडकते, ती म्हणजे जॉबवर्क. मटेरिअलचा मोठा भाग ग्राहकानेच पाठवला आणि तुम्ही फक्त मशीनिंग करून परत पाठवता, तर ती विक्री धरत नाहीत आणि कन्व्हेन्शन लागत नाही. तसंच कॉन्ट्रॅक्टमध्ये मुख्य काम सर्व्हिसचं असेल आणि माल नावापुरता, तरीही नाही.

२. विकणारा नक्की कोण आणि तो कुठल्या देशात बसतो

इथे पासपोर्ट, मालकाचं राष्ट्रीयत्व, कंपनीत पैसा कुणाचा, यातलं काहीच बघत नाहीत. बघतात ते धंद्याचं ठिकाण. आणि एकापेक्षा जास्त ठिकाणं असतील तर त्या कॉन्ट्रॅक्टशी आणि ते पुरं करण्याशी ज्या ठिकाणाचा सगळ्यात जवळचा संबंध आहे ते.

आता ट्रॅप बघा. तुमची फॅक्टरी शिरोलीत आहे पण पेमेंट सोयीचं जावं म्हणून सिंगापूरला एक कंपनी काढलीय आणि जर्मन ग्राहकाला बिल तिथून जातं, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर विकणारी म्हणून सिंगापूरच्या कंपनीचं नाव आहे. सिंगापूर मेंबर, जर्मनी मेंबर, मग सीआयएसजी सरळ लागलं, माल कोल्हापुरातून गेला तरी. म्हणून कॉन्ट्रॅक्टवर विकणाऱ्याच्या जागी कुठलं नाव आणि पत्ता छापलाय ते आधी बघा आणि इनव्हॉइसवर दुसऱ्याच कंपनीचं नाव येणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर विकणारा कोण यावरच आधी भांडण होतं.

३. आत यायचे दोन रस्ते ओळखा

पहिला रस्ता सोपा. दोन्ही पार्ट्यांचे देश मेंबर असतील आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये काहीही लिहिलेलं नसेल तरी सीआयएसजी लागू. आपोआप लागू म्हणतात ते हेच, सही करताना कुणी नाव काढायचीही गरज नाही. भारतात बसलेल्या विकणाऱ्याला हा रस्ता कधीच लागत नाही कारण आपला देश मेंबर नाही.

आपल्याला लागतो तो दुसरा. दोन्ही देश मेंबर नसले तरी ज्या देशाचा कायदा त्या कॉन्ट्रॅक्टला लागतो तो देश मेंबर असेल, तर सीआयएसजी लागतं. आणि कुठल्या देशाचा कायदा लागतो हे बहुतेक वेळा तुम्ही स्वतःच सही करून ठरवलेलं असतं.

म्हणजे पर्चेस ऑर्डरच्या मागे लिहिलेलं असतं की या ऑर्डरला जर्मनीचा कायदा लागू राहील. वाचणाऱ्याला वाटतं जर्मन सिव्हिल कोड लागेल. पण सीआयएसजी हे जर्मनीच्या कायद्याचाच एक भाग आहे, आंतरराष्ट्रीय विक्रीसाठीचा भाग. त्यामुळे नुसतं ‘जर्मन कायदा’ लिहिलं की जर्मन कोर्ट सीआयएसजीच लावतं, आणि हा तिथल्या कोर्टांचा पक्का झालेला पवित्रा आहे. जर्मन कंपन्यांचे वकील हे ओळखून असतात, म्हणून बऱ्याच जर्मन टर्म्समध्ये कायद्याच्या ओळीतच यूएन कन्व्हेन्शन वगळून असं लिहिलेलं दिसतं. ते शब्द आहेत की नाहीत हे शोधणं हे पहिलं काम.

४. तुमची केस कुठल्या खान्यात पडते

*कायद्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही आणि तुम्ही विकणारे.* वाद युरोपियन युनियनमधल्या कोर्टात गेला तर तिथे रोम-१ नावाचा नियम आहे, त्यात मालाच्या विक्रीला साधारणपणे विकणाऱ्याच्या देशाचा कायदा लागतो. विकणारा भारतात, म्हणून भारतीय कायदा, म्हणजे सेल ऑफ गुड्स अॅक्ट १९३० आणि कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट १८७२. सीआयएसजी नाही.

*काहीच लिहिलेलं नाही आणि तुम्ही घेणारे.* हे लोकांच्या लक्षातच येत नाही. जर्मनीतून सीएनसी मशीन मागवलंत आणि कॉन्ट्रॅक्ट गप्प आहे, तर त्याच नियमाने विकणाऱ्याचा म्हणजे जर्मनीचा कायदा आणि त्याच्याबरोबर सीआयएसजी. त्यामुळे एक्स्पोर्टचं कॉन्ट्रॅक्ट नीट करणाऱ्याने इम्पोर्टचंही बघावं.

*मेंबर देशाचा कायदा लिहिलाय.* फ्रेंच, इटालियन, डच, सगळ्यांचं जर्मनीसारखंच.

*अमेरिकन ग्राहक आणि न्यूयॉर्कचा कायदा.* इथे वेगळं होतं. अमेरिकेने कन्व्हेन्शन घेताना कलम ९५ खाली दुसरा रस्ता आपल्याला बांधणार नाही असं सांगून ठेवलंय. त्यामुळे भारतीय विकणारा आणि अमेरिकन घेणारा यांचा वाद अमेरिकन कोर्टात गेला तर सीआयएसजी नाही, तिथला युनिफॉर्म कमर्शियल कोड. चीन आणि सिंगापूरनेही हीच अट घातलीय. ही अट फक्त दुसऱ्या रस्त्यापुरती आहे, वरच्या सिंगापूर कंपनीच्या उदाहरणात पहिला रस्ता आहे म्हणून तिथे तिचा उपयोग नाही.

*आर्बिट्रेशन आहे पण कायदा लिहिलेला नाही.* हे सगळ्यात बेभरवशाचं. आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण, म्हणजे सीट, भारतात असेल तर आपल्या १९९६ च्या आर्बिट्रेशन कायद्याचं कलम २८ म्हणतं की पार्ट्यांनी कायदा ठरवला नसेल तर ट्रिब्युनल परिस्थिती बघून योग्य वाटेल तो लावेल. म्हणजे निकाल काय लागेल ते सोडा, मोजायची पट्टी कुठली हेच भांडण सुरू झाल्यावर कळणार.

एक गैरसमज इथेच काढतो. एफओबी न्हावा शेवा किंवा सीआयएफ हॅम्बर्ग, इनकोटर्म्स २०२० असं लिहिलं म्हणजे कायदा ठरला असं नाही. इनकोटर्म्स फक्त डिलिव्हरी कुठे, खर्च कुणाचा, धोका कधी पुढच्याकडे गेला एवढंच सांगतात. माल खराब निघाला तर पुढे काय हे त्यात नसतं, आणि त्याने सीआयएसजी वगळलंही जात नाही.

५. वगळायचं की ठेवायचं ते आधी ठरवा

बहुतेक लोक डोळे झाकून वगळतात. माझं मत असं की विकणाऱ्याने एकदा थांबून हिशोब करावा. एक उदाहरण घेतो, आकडे मी ठरवलेत पण अशा तक्रारी येतात त्या धर्तीवरच.

पंप हाउसिंगची ४०० कास्टिंग, दर ३८ युरो, एकूण १५,२०० युरो. ऑर्डरवर फक्त जर्मन कायदा लिहिलाय, सीआयएसजी वगळलेलं नाही. माल १० मार्चला ग्राहकाच्या गोदामात पोचला. त्याने काहीच न तपासता रॅकवर ठेवला. जुलैमध्ये मशीनिंग केलं, प्रेशर टेस्टला ६० नग गळले, आतमध्ये पोरॉसिटी. मग मेल आला की क्वालिटी बरोबर नाही, पूर्ण लॉट रिजेक्ट, क्रेडिट नोट पाठवा.

सीआयएसजीखाली कलम ३८ म्हणतं की घेणाऱ्याने परिस्थितीनुसार जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर माल तपासायचा. कलम ३९ म्हणतं की दोष कळल्यापासून, किंवा कळायला हवा होता तेव्हापासून, वाजवी मुदतीत कळवायचं आणि दोष कसला ते स्पष्ट लिहायचं. जर्मन कोर्ट साधारण एक महिना हा ढोबळ अंदाज धरतात, नाशवंत मालाला त्याहून खूप कमी. ‘क्वालिटी बरोबर नाही’ एवढं पुरत नाही, कुठले नग, कुठल्या टेस्टमध्ये, काय झालं हे लिहावं लागतं. आतली पोरॉसिटी वरून दिसत नाही हे खरं, पण माल प्रेशरखाली वापरायचा आहे हे माहीत असताना घेणाऱ्याने पोचल्यावर चार नग मशीन करून टेस्ट करायला हवे होते का, यावर तुमच्या बाजूने चांगला मुद्दा मांडता येतो. मुदत चुकली तर घेणाऱ्याचे त्या दोषाबद्दलचे हक्क जवळजवळ सगळेच जातात, उशिराला वाजवी कारण दिलं तर थोडं काही उरतं एवढंच. काही असलं तरी माल ताब्यात दिल्यापासून दोन वर्षं ही शेवटची हद्द, गॅरंटीचा काळ वेगळा ठरवला नसेल तर.

समजा मुदत चुकली नाही असं ठरलं. तरीही पूर्ण लॉट परत करता येईलच असं नाही. कॉन्ट्रॅक्ट रद्द करायला फंडामेंटल ब्रीच लागतो, म्हणजे घेणाऱ्याला व्यवहारातून जे मिळायचं ते जवळजवळ जाईल इतका मोठा भंग, आणि फक्त काही नग खराब असतील तर हक्क तेवढ्या नगांपुरते. म्हणजे गोष्ट १५,२०० युरोची नाही, ६० गुणिले ३८ म्हणजे २,२८० युरोची. शिवाय ग्राहकाला अवाजवी त्रास न होता दुरुस्त करून किंवा बदलून देता येत असेल तर विकणाऱ्याला तशी संधी आहे.

आपल्या १९३० च्या कायद्यात घेणाऱ्याने वाजवी मुदतीत नाकारलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात आणि रिजेक्ट करायचा हक्क जातो, पण नुकसानभरपाई मागायचा हक्क राहतो. सीआयएसजीत उशीर झाला तर भरपाईसुद्धा जाते. विकणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

मग दुसरी बाजू. कलम ७४ खाली भरपाई पूर्ण नुकसानीची, कॉन्ट्रॅक्ट करताना अंदाज येण्यासारखं असेल ते सगळं, त्यात बुडालेला नफाही. तुमच्या ६० नगांमुळे ग्राहकाची लाइन बंद पडली तर क्लेम २,२८० वर थांबत नाही. म्हणून सीआयएसजी ठेवा किंवा वगळा, भरपाईची कमाल मर्यादा ऑर्डरच्या किमतीइतकी असं वेगळं लिहाच.

आणि विकणाऱ्यासाठी सगळ्यात धोक्याचं कलम ४०. तुम्हाला दोष माहीत होता, किंवा माहीत नव्हता असं म्हणताच येणार नाही, आणि तुम्ही सांगितलं नाही, तर ३८-३९ चा फायदा तुम्हाला मिळत नाही. तुमच्याच क्यूसी रजिस्टरमध्ये त्या हीटच्या रकान्यात पोरॉसिटी लिहिलेली असेल आणि तरी माल गेला असेल तर मुदतीचा मुद्दा विसरा.

खाण्याचा माल पाठवणाऱ्यांनी एक जर्मन निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्विस विक्रेत्याने न्यूझीलंडचे शिंपले जर्मनीत विकले, त्यात कॅडमियम तिथल्या शिफारस केलेल्या पातळीपेक्षा जास्त निघालं. १९९५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने घेणाऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला, कारण घेणाऱ्याच्या देशातले नियम विकणाऱ्याला माहीत असतील असं सरसकट धरता येत नाही. पण त्याला अपवाद आहेत, घेणाऱ्याने ते नियम आधी कळवले असतील किंवा विकणाऱ्याला खास कारणाने माहीत असायला हवेत तर जबाबदारी येते. वर्षानुवर्षं युरोपला द्राक्ष-बेदाणा पाठवणाऱ्याला औषधांच्या अंशाची मर्यादा माहीत नव्हती असं म्हणणं जड जाईल.

६. वगळायचं ठरलं तर ओळ कशी लिहायची

कलम ६ प्रमाणे पार्ट्यांना कन्व्हेन्शन पूर्ण वगळता येतं किंवा त्यातला काही भाग बदलता येतो. ओळीत दोन गोष्टी हव्यात आणि दोन्ही एकत्र हव्यात: लागणारा देशाचा कायदा, आणि वगळणं स्पष्ट शब्दांत. अर्थ असा यायला हवा:

*या कॉन्ट्रॅक्टला आणि त्यातून निघणाऱ्या सगळ्या वादांना भारताचा कायदा लागू राहील. आंतरराष्ट्रीय माल विक्रीच्या कॉन्ट्रॅक्टबद्दलचं संयुक्त राष्ट्रांचं १९८० चं कन्व्हेन्शन लागू होणार नाही.*

इंग्रजीत लिहिताना कन्व्हेन्शनचं पूर्ण नाव आणि साल टाका, नुसतं ‘इंटरनॅशनल कन्व्हेन्शन्स लागू नाहीत’ असं मोघम नको. भारताचा किंवा इंग्लंडचा कायदा निवडला तर सीआयएसजी तसंही सुटतं कारण हे देश मेंबर नाहीत, तरी दुसरी ओळ घालाच, तिला खर्च काही नाही आणि पुढचा वाद तिथेच मिटतो. ग्राहक जर्मन कायद्यावर अडून बसला तर मात्र दुसरी ओळ हाच तुमचा एकमेव आधार. आणि फक्त दुसरी ओळ लिहून कायदा सोडून देऊ नका, मग सीआयएसजी गेलं पण जागी काय आलं हे कुणालाच माहीत नाही.

ठेवायचं ठरलं तरी एक ओळ लागते. सीआयएसजीत मालकी हक्क कधी जातो, कॉन्ट्रॅक्ट मुळात वैध आहे का, दावा लावायची कायदेशीर मुदत किती, हे काहीच नाही, आणि व्याज मिळतं पण दर दिलेला नाही. म्हणून सीआयएसजी लागू आणि त्यात नसलेल्या मुद्द्यांना भारताचा कायदा, असं लिहा आणि व्याजाचा दर स्वतः टाका.

७. ओळ वेळेवर कॉन्ट्रॅक्टमध्ये गेली का ते तपासा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ओळ छान लिहिलेली असते पण ती असते कमर्शियल इनव्हॉइसच्या तळाशी. इनव्हॉइस निघेपर्यंत कॉन्ट्रॅक्ट झालेलं असतं, त्याने नंतर अटी बदलत नाहीत. ग्राहक गप्प राहिला म्हणजे मान्य असंही नाही, सीआयएसजीत नुसती शांतता म्हणजे होकार धरत नाहीत. ओळ कोटेशनवर हवी, प्रोफॉर्मावर हवी आणि ऑर्डर कन्फर्मेशनवर हवी.

‘आमच्या जनरल टर्म्स लागू’ एवढंच लिहून टर्म्स कपाटात ठेवल्या तरी चालत नाही. जर्मनीच्या त्याच सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं की सीआयएसजीखाली टर्म्स समोरच्याला पाठवाव्या लागतात किंवा दुसऱ्या मार्गाने उपलब्ध करून द्याव्या लागतात, त्याने मागून घ्याव्या ही अपेक्षा नाही. म्हणून पीडीएफ मेलला जोडा, कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत.

तुमच्या कोटेशनवर भारतीय कायदा आणि त्याच्या ऑर्डरवर जर्मन कायदा असं झालं, तर घाईने माल पाठवू नका. माल पाठवणं हाच त्याच्या अटींना होकार धरला जाऊ शकतो. आधी ग्राहकाला लेखी कळवा, ‘कायद्याची तुमची ओळ मान्य नाही, आमची ही’, आणि उत्तर येऊ द्या. मोठी ऑर्डर असेल तर या टप्प्यावर वकिलाला दाखवा, वाद झाल्यावर नाही.

८. जुने ग्राहक आणि चालू ऑर्डर

झालेल्या ऑर्डर त्यांच्या जुन्या अटींवरच चालतात, त्या बदलायच्या तर दोघांची संमती हवी. साध्या ईमेलवरही ती घेता येते, पण तुमच्या टर्म्समध्ये बदल फक्त सही केलेल्या कागदानेच असं असेल तर तसंच करावं लागेल. पुढच्यांसाठी मेल पाठवताना ‘अमुक तारखेपासूनच्या सगळ्या ऑर्डरना’ असं लिहा, टर्म्स जोडा आणि ज्याला सही करायचा अधिकार आहे त्याच्याकडून मान्य असल्याचं उत्तर मागा, स्टोअरकीपरचं ‘ओके, नोटेड’ पुरणार नाही. ते उत्तर त्या ग्राहकाच्या फाइलमध्ये ठेवा आणि त्यानंतरच्या प्रत्येक ऑर्डर कन्फर्मेशनवर त्या मेलची तारीख टाकत जा, कारण ग्राहकाची सिस्टीम दर वेळी मागच्या पानासकट तीच जुनी पर्चेस ऑर्डर छापून पाठवते.